ठरलेले किती, झालेले किती

समजा, पुण्यातली सात जणांची एक टीम एका पतसंस्थेसाठी मोबाइल अ‍ॅप बनवते आहे. तीन महिन्यांनी आढावा बसतो. टीमचा मॅनेजर पडद्यावर आलेख लावतो. सहा स्प्रिंटमध्ये मिळून २४० पॉइंटचे काम ठरले होते, २२२ पॉइंटचे झाले. म्हणजे ९२.५ टक्के. पतसंस्थेचे सचिव आलेख नीट पाहून घेतात आणि विचारतात, "अहो, मग मुदत ठेवीचं पान सांगितल्या तारखेला का नाही आलं? आणि नॉमिनी बदलायची सोय? तीही उशिराच आली की."

मॅनेजरचा आकडा खोटा नाही आणि सचिवांची तक्रारही खरी आहे. ही टीम कागदावरची आहे, पण असा प्रसंग सॉफ्टवेअरच्या कोणत्याही कचेरीत घडतो. तो का घडतो, हे समजायला आधी तो टक्का कसा काढला जातो ते पाहावे लागते.

सॉफ्टवेअर कंपन्यांत आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी स्क्रम ही पद्धत केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी १९९५ मध्ये अमेरिकेत एका परिषदेत मांडली. वर्षभराचा आराखडा एकदाच आखून त्याच्या मागे धावायचे, याऐवजी काम ठरावीक, छोट्या मुदतीच्या टप्प्यांत करायचे, असे ही पद्धत सांगते. असा टप्पा म्हणजे स्प्रिंट. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो, पण बहुतेक टीम दोन आठवड्यांचा धरतात. पहिल्या दिवशी बसून या दोन आठवड्यांत काय काय करायचे याची यादी ठरवायची आणि शेवटी त्यातले किती झाले ते पाहायचे. यादीतल्या प्रत्येक कामाला 'स्टोरी' म्हणतात आणि तिचा आकार टीम आपापसांत चर्चा करून 'पॉइंट'मध्ये ठरवते. पॉइंट म्हणजे तास नव्हेत. आधी केलेल्या कामांच्या तुलनेत हे काम केवढे, याचा तो अंदाज असतो. एखादे साधे पान २ पॉइंटचे, तर पैसे पाठवण्याची पूर्ण सोय ८ पॉइंटची. आकडे सहसा १, २, ३, ५, ८, १३ असे वाढत जातात, कारण काम जितके मोठे तितका त्याचा अंदाज ढोबळ. ११ की १२ यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

ठरवलेल्या पॉइंटपैकी किती पूर्ण झाले, याचा टक्का म्हणजे स्प्रिंटची भाकीतक्षमता. टीमने 'होईल' म्हटलेले किती वेळा होते, याचा तो हिशेब. एका स्प्रिंटचा टक्का मात्र जवळपास काहीच सांगत नाही. कोणी आजारी पडले, सर्व्हर दोन दिवस बंद होता, एखादी स्टोरी वाटली त्यापेक्षा किचकट निघाली, अशा कोणत्याही कारणाने तो हलतो. म्हणून लागोपाठचे सहा-आठ स्प्रिंट एकत्र पाहतात. 'लागोपाठचे' याला महत्त्व आहे. सणासुदीचा म्हणून एक वगळला, सर्व्हर बंद होता म्हणून दुसरा वगळला, की उरतात ते चांगले दिवस, आणि चांगल्या दिवसांवरून वाईट दिवसांचा अंदाज येत नाही.

आता आपल्या टीमकडे येऊ. तिचा पहिला स्प्रिंट सोमवार, १२ जानेवारी २०२६ ला सुरू झाला आणि सहावा ३ एप्रिलला संपला, असे धरू. टीम कामाची नोंद जिरा या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. त्यातल्या व्हेलॉसिटीच्या आलेखात दर स्प्रिंटसाठी दोन खांब शेजारी शेजारी दिसतात. एकावर Commitment आणि दुसऱ्यावर Completed असे लिहिलेले असते. पहिला ठरलेल्या कामाचा, दुसरा पूर्ण झालेल्या. दोघांचा भागाकार केला की टक्का निघाला, असे पाहणाऱ्याला साहजिकच वाटते.

गोम इथेच आहे. पहिला खांब Start sprint हे बटण दाबले त्या क्षणाला गोठतो. त्या क्षणी यादीत जे होते तेवढेच त्यात मोजले जाते. नंतर एखादी स्टोरी काढून टाकली तरी तो खांब खाली येत नाही, नवी घातली तरी वर जात नाही. दुसरा खांब मात्र स्प्रिंट संपताना त्यात जे जे पूर्ण झालेले असते ते सगळे मोजतो, मग ते पहिल्या दिवशी ठरलेले असो की आठव्या दिवशी मध्येच घुसलेले. म्हणजे भागाकारात खाली मूळ यादी आहे, पण वर मूळ यादी अधिक आगंतुक कामे. टीमने स्प्रिंटभरात किती उरकले हे पाहायला असा आलेख ठीक आहे. तो त्यासाठीच केलेला आहे. ठरवलेले किती पाळले, याचे उत्तर मात्र त्या भागाकारातून मिळत नाही.

ते हवे असेल तर प्रत्येक स्प्रिंटचा स्वतंत्र रिपोर्ट उघडावा लागतो. तिथे मध्येच घातलेल्या कामांपुढे तारका असते. तारकेची कामे वेगळी काढली की आपल्या टीमचा हिशेब असा उलगडतो:

| स्प्रिंट | ठरलेले | त्यातले पूर्ण | मध्येच आलेले, पूर्ण | एकूण पूर्ण |
|---|---|---|---|---|
| १ | ४० | ३४ | ४ | ३८ |
| २ | ४२ | २४ | १३ | ३७ |
| ३ | ३८ | ३३ | ३ | ३६ |
| ४ | ४० | २२ | १६ | ३८ |
| ५ | ४१ | ३५ | २ | ३७ |
| ६ | ३९ | २४ | १२ | ३६ |

शेवटचा रकाना पाहिला तर टीम अगदी स्थिर आहे: ३६ ते ३८. मॅनेजरने हाच रकाना ठरलेल्या आकड्याशी जोडला होता, म्हणून प्रत्येक स्प्रिंटचा टक्का ८८ ते ९५ च्या घरात आला. मूळ यादीपुरते पाहिले तर सहा स्प्रिंटमध्ये २४० पैकी १७२ झाले, म्हणजे सुमारे ७२ टक्के. आणि ते ७२ सुद्धा कोणत्याच स्प्रिंटमध्ये प्रत्यक्ष दिसत नाहीत. पहिला, तिसरा, पाचवा स्प्रिंट ८५ ते ८७ टक्क्यांवर आहेत. दुसरा, चौथा आणि सहावा ५५ ते ६२ वर.

सरासरी इथे दिशाभूल करते. अशी दुसरी एक टीम कल्पून पाहा, जिचे सहा स्प्रिंट ७०, ७३, ७१, ७२, ७० आणि ७४ टक्के आहेत. तिचीही सरासरी जवळपास ७२ येते. पण या दुसऱ्या टीमवर विसंबून योजना आखता येते. रोज बरोबर वीस मिनिटे उशिरा येणाऱ्या एसटीचे प्रवासी घरून वीस मिनिटे उशिरा निघायला शिकतात. कधी पाच तर कधी पन्नास मिनिटे उशीर करणारीचे प्रवासी मात्र स्टँडवर ताटकळतात. दुसऱ्या टीमला फक्त एवढे सांगायचे, की बाई, तू दर वेळी तीस टक्के जास्त कबूल करते आहेस, तेवढे कमी धर. आपल्या टीमचे दुखणे निराळे आहे. ती किती जास्त कबूल करते याला काही मापच नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा टक्का लिहिलाच पाहिजे. '७२ टक्के' असे नुसते न लिहिता '७२, पण ५५ ते ८७ च्या दरम्यान' असे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: एवढी उलथापालथ कशाने?

आढाव्यात पहिला संशय सुट्ट्यांवर जातो. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये २६ जानेवारी होता, चौथ्यात होळी-धुळवड. पण १९ फेब्रुवारीची शिवजयंती तिसऱ्या स्प्रिंटमध्ये होती आणि १९ मार्चचा पाडवा पाचव्यात. ते दोन्ही स्प्रिंट चांगले गेले आहेत. शिवाय सुट्ट्यांनी काम अडले असते तर एकूण पूर्ण कामही घटले असते, आणि ते तर छत्तीस-अडतिसावर ठाम आहे. माणसे तेवढीच राबली आहेत. फक्त दर दुसऱ्या स्प्रिंटमध्ये त्यांचे हात भलतीकडे वळले आहेत.

कुठे वळले, हे तारकेच्या कामांची नावे वाचली की कळते. व्याजाची रक्कम अ‍ॅपवर आणि खातेवहीत जुळत नाही. महिनाअखेरचा अहवाल उघडत नाही. हप्ता कापला गेला पण पावती आली नाही. बहुतेक कामे महिना संपतानाची. दुसरा स्प्रिंट २६ जानेवारी ते ६ फेब्रुवारी होता, चौथा २३ फेब्रुवारी ते ६ मार्च, सहावा २३ मार्च ते ३ एप्रिल, म्हणजे त्यात तर आर्थिक वर्षाचाच शेवट. महिना बदलला की पतसंस्थेत हिशेब बंद होतात, सभासदांचे फोन सुरू होतात आणि ते फोन फिरत फिरत या सात जणांपर्यंत येतात. महिनाअखेरच्या स्प्रिंटमध्ये सरासरी १४ पॉइंट असे येतात, इतर वेळी ३.

हे निदान एकाच स्प्रिंटच्या आढाव्यात होत नाही. दुसऱ्या स्प्रिंटच्या शेवटी टीम म्हणते, "या वेळी तातडीची कामं फार आली." ते खरेच असते. चौथ्याच्या शेवटी पुन्हा तेच म्हणते, आणि मध्ये तिसरा चांगला गेलेला असल्यामुळे ते पुन्हा अपवादासारखे वाटते. सहा ओळी एकाखाली एक मांडल्यावरच डोळ्यांना लय दिसते. माझ्या मते या मोजमापाचा खरा उपयोग एवढाच आहे. टक्का हे त्याचे फळ नव्हे. टक्क्याची चढउतार कुठे शोधायचे ते दाखवते, आणि उत्तर सापडते ते कामांच्या नावांत.

आता थोडा कीस काढण्याजोगा एक मुद्दा. ठरलेल्या २४० मधले ६८ पॉइंट त्या त्या स्प्रिंटमध्ये झाले नाहीत. म्हणून पतसंस्थेला ६८ पॉइंटचे काम मिळालेच नाही का? नाही. पहिल्या स्प्रिंटमधले उरलेले ६ पॉइंट दुसऱ्याच्या यादीत गेले, दुसऱ्यातले १८ तिसऱ्याच्या. म्हणजे दुसऱ्याच्या ४२ मध्ये ६ जुनेच आहेत. पुढे ढकललेले काम दर वेळी नव्याने 'ठरलेले' म्हणून मोजले जाते. आपल्या टीमने उरलेले सगळे लगेच पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतले असे धरले, तर पहिल्या पाच स्प्रिंटचे ५३ पॉइंट दोनदा मोजले गेले. ते वजा केले की खरे ठरलेले काम १८७ पॉइंटचे उरते आणि त्यातले १७२ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पार पडले. गंमत म्हणजे हा भागाकारही ९२ टक्क्यांच्या आसपास येतो. मॅनेजरच्या ९२ शी त्याचा काही संबंध नाही; तो निव्वळ योगायोग. पण त्यातून सचिवांच्या तक्रारीचे नेमके रूप कळते. मुदत ठेवीचे पान आले, नॉमिनीची सोयही आली. फक्त दोन्ही एकेक स्प्रिंट उशिरा आल्या.

काही मोठ्या कंपन्या म्हणूनच लांब पल्ल्याचे माप घेतात. अनेक टीमचे काम एकत्र आखण्यासाठी सेफ नावाची जी चौकट वापरतात, तिच्यात साधारण ८ ते १२ आठवड्यांचा टप्पा धरतात आणि या मापासाठी पॉइंट मोजत नाहीत. टप्प्याच्या सुरुवातीला टीमच्या प्रत्येक उद्दिष्टाला धंद्याच्या बाजूची माणसे १ ते १० गुण देतात, हे झाले तर आम्हाला केवढा फायदा म्हणून. टप्पा संपल्यावर तीच माणसे प्रत्यक्ष मिळालेल्या फायद्याचे गुण देतात. दोहोंचा टक्का ८० ते १०० च्या दरम्यान असला तर टीम भरवशाची मानायची. ८० ची खालची मर्यादा मला शहाणपणाची वाटते. दर वेळी शंभर आलेच पाहिजेत म्हटले, की माणसे शंभर येतील एवढेच कबूल करायला लागतात.

पण दोन आठवड्यांच्या मापाला हे माप पर्याय नाही. तीन महिन्यांच्या अखेरीला सगळे आले, यावर समाधानी राहायचे की २० फेब्रुवारीला येणार म्हटलेले २० फेब्रुवारीलाच हवे, हे मागणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून आहे. सचिवांनी सभासदांना पत्रक काढून तारीख कळवली असेल, तर उशीर हाच त्यांचा प्रश्न.

पूर्ण म्हणजे काय, यावरही टक्का बराच हलतो. एखादी ८ पॉइंटची स्टोरी शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ झालेली असते. कोड लिहून झाला, फक्त तपासणी राहिली. अशा वेळी 'सहा तरी द्या' असा मोह होतो. देऊ नये. अर्धवट कामाला वाटा दिला, की सभासदाच्या फोनवर काय पोहोचले याच्याशी त्या आकड्याचे नाते तुटते. या स्प्रिंटमध्ये शून्य आणि पुढच्यात पूर्ण आठ, हा नियम कठोर वाटतो, पण सहा स्प्रिंटच्या हिशेबात तो स्वतःच समतोल साधतो. उरलेल्या कामाचा नव्याने अंदाज घेऊन ते २ पॉइंटचे केले, तर ६ पॉइंट कुठेच मोजले जात नाहीत आणि पुढच्या स्प्रिंटचा अंदाज विनाकारण खाली येतो.

या नियमामुळे आणखी एक गोष्ट घडते, जी मॅनेजर लोक सहसा टीमच्या माथी मारतात. ४० पॉइंटची यादी ८-८ च्या पाच स्टोऱ्यांची असेल तर एक राहिली की टक्का सरळ ८० वर येतो, दोन राहिल्या की ६०. मधला आकडा येऊच शकत नाही. तीच यादी २ आणि ३ पॉइंटच्या पंधरा-सोळा स्टोऱ्यांची असेल तर एक राहिल्याने टक्का पाच-सातने हलतो. म्हणजे टक्का उड्या मारतो तेव्हा कधी कधी टीमचे काम स्थिरच असते, कामाचे तुकडे तेवढे मोठे असतात. हे ओळखायला पॉइंटसोबत स्टोऱ्यांची संख्याही मोजावी. दहापैकी नऊ स्टोऱ्या झाल्या आणि तरी पॉइंट सत्तर टक्केच, तर राहिलेली ती एक स्टोरी अवाढव्य होती. तिचे पुढच्या वेळी दोन-तीन भाग करायचे. आपल्या टीममध्ये चांगल्या स्प्रिंटमधले राहिलेले पाच-सहा पॉइंट असेच एखाददुसऱ्या स्टोरीचे आहेत. तिथे काळजीचे काही नाही.

काळजी करायची ती सलग शंभर टक्क्यांची. लागोपाठ सहा स्प्रिंट अगदी शंभर येत असतील तर अभिनंदन करण्याआधी नोंदी उघडाव्यात. माणसे लबाड असतात म्हणून नव्हे. ज्या आकड्यावर वार्षिक मूल्यमापन लटकते तो आकडा हळूहळू त्या दिशेने वाकतोच. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेले हे निरीक्षण सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत रोज खरे होते. वाकण्याच्या खुणा नोंदींत असतात. वर्षापूर्वी ३ पॉइंटचे असलेले साधे पान आता ५ चे झालेले दिसते. स्टोरी शुक्रवारी बंद होते आणि सोमवारी तिच्याच नावाचा बग उघडतो. Start sprint हे बटण सोमवारऐवजी बुधवारी दाबले जाते, म्हणजे दोन दिवसांत जे अवघड निघाले ते आधीच यादीबाहेर. यातले काहीही भागाकारात दिसत नाही, आणि त्यातले शेवटचे तर पकडायला फक्त बटण दाबल्याची वेळ पाहावी लागते.

मग आपल्या टीमने करायचे काय? जास्त वेगाने काम करा, असे सांगण्यात काही हशील नाही; वेग आहे तोच आहे, ३७ च्या आसपास. करायचे ते एवढेच, की येणार हे ठाऊक असलेल्या पाहुण्यांसाठी यादीत आधीच जागा ठेवायची. साध्या स्प्रिंटमध्ये ३७ मधून ३ वजा करून ३४ ठरवायचे, महिनाअखेरच्या स्प्रिंटमध्ये १४ वजा करून २३. अशा तीन जोड्यांचे मिळून १७१ होतात. गेल्या तीन महिन्यांत मूळ यादीतले १७२ पूर्ण झालेच होते. म्हणजे सचिवांना जेमतेम एक पॉइंट कमी मिळेल. फक्त कोणते पान कोणत्या शुक्रवारी येईल, हे त्यांना आधीच खरे कळेल.

महिनाअखेरच्या स्प्रिंटला २३ च ठरवले म्हटल्यावर वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडते. गेल्या वेळी ३९, आणि या वेळी तेवीसच? टीम आळशी झाली का? शंका रास्त आहे, कारण कमी कबूल करून टक्का वाढवण्याची चलाखी बाहेरून अगदी अशीच दिसते. दोन्हीतला फरक शेवटचा रकाना सांगतो. महिनाअखेरच्या स्प्रिंटमध्ये २३ ठरवले, १४ मध्येच आले आणि एकूण ३७ झाले, तर अंदाज बरोबर होता. २३ ठरवले, मध्येच काही आले नाही आणि एकूणही २५ वर थांबले, तर खरोखरच काहीतरी ढिले पडले आहे. म्हणून पाळलेले, मध्येच आलेले आणि एकूण हे तीन आकडे कायम एकत्र दाखवावेत. त्यातला एकच मोठ्या अक्षरात छापला की आढाव्यातली माणसे त्याच्याशीच भांडत बसतात.

शिवाय जागा ठेवणे हे दुखण्यावरचे औषध नाही. व्याज दर महिन्याला का जुळत नाही, हे एकदा बसून शोधले तर कदाचित १४ चे ६ होतील. तसे झाले की आकडेही बदलावे लागतील. टीममधून दोन अनुभवी माणसे गेली किंवा कामाचे स्वरूप बदलले, तर जुने सहा स्प्रिंट निरुपयोगी होतात. मग तीन-चार स्प्रिंट नव्याने जमेपर्यंत कुणालाच ठामपणे तारीख सांगू नये. दोन टीमच्या पॉइंटची किंवा टक्क्यांची तुलना तर मुळीच करू नये. एकीचे ३ म्हणजे दुसरीचे ५ असू शकतात आणि एकीच्या वाट्याला पतसंस्थेचे फोन येतात, दुसरीच्या येत नाहीत.

स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत स्प्रिंटची यादी ही टीमने घेतलेली शपथ आहे अशी भाषा लेखकांनी सोडली आणि तो टीमचा अंदाज आहे असे म्हटले. सचिवांना हा फरक समजावून सांगणे तसे जड नाही. पतसंस्थेची माणसे आहेत. अंदाजपत्रक काय असते आणि ते कुठे कुठे चुकते, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

एक अडचण मात्र उरते. 'दर दुसरा स्प्रिंट जड' हा नियम जानेवारी ते मार्चपुरताच खरा आहे, कारण दोन आठवड्यांचे गणित आणि महिन्याचे गणित फार काळ जुळत नाही. आठवा स्प्रिंट २० एप्रिलला सुरू होऊन १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत संपतो. एप्रिलची अखेर त्याच्या शेपटाला येते आणि सभासदांचे फोन ४ मे रोजी सुरू होणाऱ्या नवव्यात येतात. मेची अखेर तर दहावा स्प्रिंट संपून अकरावा सुरू होण्यापूर्वीच्या रविवारीच पडते. तेव्हा एप्रिलमध्ये यादी करताना स्प्रिंटचा क्रमांक पाहून भागणार नाही. भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवून ते १४ पॉइंट आठव्या आणि नवव्या स्प्रिंटमध्ये कसे वाटायचे, हे टीमला पतसंस्थेच्या हिशेबनीसाकडून तारखा विचारून ठरवावे लागेल.